आधी डॉलर जुळवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत हिशेब तपासायला बसलो होतो. २०२५चा सप्टेंबर होता. पंपाला लागणारी बिडाची कास्टिंग्ज तिथे होतात आणि त्यातला बराच माल अमेरिकेला जातो. येणेकऱ्यांच्या यादीत तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर ७२,१०५ रुपये बाकी दिसत होते. हिशेब बघणाऱ्या ताईंना विचारलं, हे येणं कधीचं?

"मे महिन्यापासूनचं आहे, सर. तीन मेल पाठवले. ते म्हणतात, आमच्याकडून काही बाकी नाही, सगळं दिलंय."

गिऱ्हाईक खरंच बोलत होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याला २५,००० डॉलरचं बिल गेलं होतं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने २५,००० डॉलर पाठवले होते. जे पैसे कुणी देणंच लागत नव्हतं, त्यांचा तगादा चार महिने चालू होता. मेल लिहिणाऱ्या ताईंचाही यात दोष नव्हता, कारण त्यांच्या वहीत खरोखरच तेवढी बाकी दिसत होती. ती आली कुठून, हे उलगडायचं तर त्या एका बिलाच्या मागे चालत जावं लागतं.

बिल केलं त्या दिवशी डॉलर ८७ रुपयांच्या आसपास होता. सोयीसाठी ८७ पूर्ण धरू. म्हणजे विक्री झाली २१,७५,००० रुपयांची. हा आकडा त्या दिवशी ठरला आणि कायमचा ठरला. पुढे डॉलर शंभरावर जावो की सत्तरवर येवो, विक्रीच्या खात्याला हात लावायचा नाही. माल विकण्याचा व्यवहार त्या दिवशी पुरा झाला. उरलं ते गिऱ्हाइकाकडचं येणं, आणि ते आहे डॉलरमध्ये. आपण ते रुपयांत लिहितो कारण आपली वही रुपयांची आहे. डॉलरचा आकडा जागचा हलत नाही, पण त्याचं रुपयांतलं मोल रोज बदलतं. या एका वाक्यात सगळा विषय आला, आणि नेमकं हेच घाईगर्दीत विसरलं जातं.

मग आला ३१ मार्च. त्या वर्षी ३१ तारखेला रमजान ईदची सुट्टी होती, त्याआधी शनिवार-रविवार. बाजाराचा शेवटचा संदर्भ दर २८ मार्चचा होता, ८५ रुपये ५८ पैसे. हे संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करायची. जुलै २०१८पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. लेखामानक ११ सांगतं की ताळेबंदाच्या तारखेला जी येणी-देणी परकीय चलनात उभी असतील, ती त्या दिवशीच्या दराने पुन्हा मांडायची. २५,००० डॉलर त्या दराने २१,३९,५०० रुपये होतात. म्हणजे ३५,५०० रुपयांचा तोटा, आणि तो २०२४-२५च्या नफा-तोटा पत्रकात जातो.

कारखान्याच्या मालकांना हे पटेना. "पैसे अजून आलेच नव्हते, मग तोटा कसा झाला?" हा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो चुकीचा नाही. पण ताळेबंद म्हणजे त्या दिवशी आपल्याकडे काय आहे याचं चित्र. ३१ मार्चला त्या डॉलरची किंमत साडेएकवीस लाखांच्याही आत आलेली असताना पावणेबावीस लाखांचं येणं दाखवलं, तर बँकेपासून भागीदारापर्यंत प्रत्येक वाचणाऱ्याची फसगत होते. हेच प्राप्तिकराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. वूडवर्ड गव्हर्नर प्रकरणात २००९ साली न्यायालयाने निकाल दिला की रोजच्या धंद्यातल्या देण्यावर वर्षअखेरीला दरामुळे झालेला तोटा, रक्कम प्रत्यक्ष चुकती झालेली नसली तरी, वजावटीला पात्र आहे. अर्थात हे दोन्हीकडून लागू: वर्षअखेरीला नफा दिसला, तर पैसे हातात नसतानाही तो उत्पन्नात धरावा लागतो. शिवाय गोदामातला माल, यंत्रं यांना हा नियम नाही. ती जुन्याच किमतीवर राहतात. पुन्हा मांडायची ती फक्त पैशांत मिळायची किंवा द्यायची रक्कम.

आता मे महिना. बँकेने डॉलर घेतले ८४ रुपये २० पैशांना. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर दिसणारा दर आपल्याला कधीच मिळत नाही. बँक डॉलर विकत घेताना थोडा कमी दर देते आणि विकताना थोडा जास्त लावते. ती तिची कमाई. छोट्या निर्यातदाराला काही पैशांचा हा फरक मुकाट्याने सोसावा लागतो असं वाटतं, पण व्यवहार नियमित असेल तर बँकेच्या परकीय चलन विभागाशी बोलून दर सुधारून मिळतो. विचारलंच नाही तर मात्र कुणी आपणहून देत नाही.

शिवाय २५,००० डॉलर निघाले तरी २४,९७५च पोचले. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने २५ डॉलर आपला आकार म्हणून कापून घेतले. खात्यात पडले २१,०२,८९५ रुपये. त्या दिवसाचा जमाखर्च असा व्हायला हवा होता: बँक नावे २१,०२,८९५, बँक आकार नावे २,१०५, विनिमय तोटा नावे ३४,५००, आणि गिऱ्हाइकाच्या खात्याला २१,३९,५०० जमा. गिऱ्हाइकाचं खातं रुपयांतही शून्य, डॉलरमध्येही शून्य.

ताईंनी आलेले रुपये तेवढे जमा केले होते आणि मार्चची नोंद झालीच नव्हती. म्हणून ३५,५००, ३४,५०० आणि २,१०५ असे तीन वेगळे आकडे एका बाकीत गोळा होऊन ७२,१०५ चं येणं बनले. २०२४-२५चे हिशेब अजून बंद व्हायचे होते, त्यामुळे पहिला आकडा त्या वर्षात घेता आला आणि उरलेले दोन चालू वर्षात. त्या मालावर मालकांनी आठ टक्के नफा धरला होता, म्हणजे १,७४,००० रुपये. त्यातले ७०,००० दरात गेले. कास्टिंगच्या वजनात आणि भट्टीच्या विजेत एक-एक रुपया वाचवणाऱ्या माणसाला हा आकडा वेगळा काढून दाखवला नाही, तर नफा कुठे गेला हे त्याला कळणारच नाही. रुपया दरवर्षी पडतोच, तेव्हा निर्यातदाराचा फायदाच होणार, अशी एक समजूत आहे. लांबच्या पल्ल्यात आजवर तसं घडलंही आहे. पण उधारी असते अडीच-तीन महिन्यांची, आणि त्या अडीच महिन्यांत रुपया वधारला होता. फेब्रुवारीतच बँकेशी वायदा करून दर बांधून ठेवता आला असता. मग रुपया पुढे घसरला असता तर वाढीव दर मिळाला नसता, आणि गिऱ्हाइकाने पैसे लांबवले तर वायदा पुढे ढकलायचा खर्च आला असता. पण माल विकतानाच नफा किती ते पक्कं कळलं असतं.

याच बिलावर आणखी एक दर असतो, आणि त्याने गोंधळात भर पडते. शिपिंग बिलावर कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो आणि जीएसटीच्या विवरणपत्रात मालाची किंमत त्याच दराने जाते. अनेक कारखाने वहीतली विक्रीही त्याच दराने लिहितात. तो बाजारदराच्या जवळ असेल आणि दरवर्षी तीच पद्धत पाळली तर चालतं. दोन वेगळे दर वापरले तर विवरणपत्र आणि वही यांतला फरक वर्षाच्या शेवटी कागदावर जुळवून ठेवावा. विनिमयाच्या फरकासाठी मात्र क्रेडिट नोट काढू नये. मालाची किंमत बदललेलीच नसते.

म्हणून मी हिशेब लिहिणाऱ्यांना एकच सवय लावायला सांगतो: रुपये जुळवण्याआधी डॉलर जुळवा. बिल डॉलरमध्ये किती, आले डॉलरमध्ये किती. डॉलर शून्य झाले आणि रुपये उरले, तर तो विनिमयाचा फरक, त्याची नोंद करून खातं मिटवायचं. डॉलरच उरले, तर गोष्ट वेगळी: बँकेचा आकार, किंवा गिऱ्हाइकाने कापलेले पैसे. टॅलीमध्ये खातं डॉलरमध्ये ठेवलं की हे आपोआप दिसतं. ताळेबंदात Unadjusted Forex Gain/Loss अशी ओळ उभी राहिली, तर फरकाची नोंद करायची राहिली आहे असं समजावं. बँकही डॉलरच बघते. रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत प्रत्येक शिपिंग बिल डॉलरच्या रकमेने उघडं राहतं आणि डॉलरचा हिशेब लागल्यावर मिटतं.

ही सवय लागली म्हणून त्याच फाउंड्रीच्या जुन्या वहीत दुसरी एक गोष्ट सापडली. एप्रिल २०२२चं एक बिल होतं, १८,००० डॉलरचं, दर ७६ रुपये ५० पैसे, म्हणजे १३,७७,००० रुपये. ऑगस्टमध्ये बँकेत आले १३,७७,०८०. ऐंशी रुपये जास्त, ते किरकोळ जमेत टाकून खातं तीन वर्षांपूर्वीच मिटवलेलं. ताईंनी बँकेची पावती काढली. त्यावर दर होता ७९ रुपये ६० पैसे, आणि डॉलर होते १७,३००.

सातशे डॉलर आलेच नव्हते. रुपया घसरल्यामुळे जो ५३,६३० रुपयांचा नफा व्हायचा होता, त्याने ती तूट तंतोतंत झाकली होती. ताईंनी त्याच दुपारी गिऱ्हाइकाला मेल केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सोबत जुलै २०२२ची एक डेबिट नोट: काही कास्टिंग्जमध्ये हवेची छिद्रं निघाली, म्हणून ७०० डॉलर वजा. ती नोट तेव्हाच पाठवलेली होती, डिस्पॅच विभागाच्या मेलवर. हिशेब विभागात ती पोचली नाही, आणि मोल्डिंगच्या शेडमध्येही नाही.