‘पाचशेवर सूट’ म्हणजे नेमकी कधी?

‘पाचशे रुपयांवरच्या ऑर्डरला कूपनने 10 टक्के सूट मिळावी.’ तिकिटावर एवढेच असेल, तर डेव्हलपर `total > 500` लिहून मोकळा होतो. टेस्टर नेमकी 500 रुपयांची ऑर्डर टाकतो, सूट मिळत नाही आणि तो बग नोंदवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. चुकलेले असते ते तिकीट.

रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये यूजर स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, चर्चा आणि खातरजमा. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे स्वीकृतीचे निकष, हे तिसऱ्या भागाचे काम. कोड लिहिण्याआधीच प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी एकत्र बसून ते ठरवलेले बरे.

या कूपनचे निकष असे होतील: डिलिव्हरीचा खर्च सोडून वस्तूंची किंमत 500 रुपये असेल, तर कूपन लावल्यावर 50 रुपये सूट मिळते, 499 असेल तर सूट मिळत नाही आणि ‘आणखी 1 रुपयाची खरेदी करा’ असा संदेश दिसतो. खरी गोची पुढेच आहे. कूपन लावून झाल्यावर ग्राहकाने एखादी वस्तू काढली आणि रक्कम 500 च्या खाली आली, तर? सूट तिथल्या तिथे रद्द होते, हेही लिहावे लागते. हा प्रश्न बहुधा टेस्टरलाच सुचतो.

‘पान पटकन उघडावे’ हा निकष नव्हे. पटकन म्हणजे किती सेकंद, ते लिहावे. निकषांची यादी लांबतच चालली, तर तिकीट फोडून दोन करावीत.