अंगकाठीचे तीन आकडे

व्यायामशाळेत नाव नोंदवायला आलेल्या सडपातळ मुलाला हल्ली एका नजरेत सांगून टाकतात, ‘तू एक्टोमॉर्फ.’ मग त्याचा आहार आणि व्यायामही त्या शिक्क्यावरून ठरतो. मूळ पद्धतीत असा शिक्का नाहीच. तिथे प्रत्येक माणसाला एकाच वेळी तीन आकडे मिळतात. एंडोमॉर्फी म्हणजे चरबीचा गुबगुबीतपणा, मेसोमॉर्फी म्हणजे हाडापेराची आणि स्नायूंची मजबुती, एक्टोमॉर्फी म्हणजे शेलाटेपणा. तिन्ही आकडे उंचीच्या तुलनेत काढलेले असतात.

ही नावं अमेरिकेच्या विल्यम शेल्डनची. 1940 मध्ये त्याने छायाचित्रं पाहून शरीरांना 1 ते 7 असे गुण दिले आणि अंगकाठीवरून स्वभावही कळतो असा दावा केला. तो दावा टिकला नाही. पुढे त्याच्याबरोबर काम केलेल्या बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी 1967 मध्ये मोजमापांवर आधारलेली सुधारित पद्धत मांडली. क्रीडाविज्ञानात आज वापरतात ती हीच.

तिला दहा मापं लागतात: उंची, वजन, कातडीच्या चार घड्या, दोन हाडांची रुंदी आणि दोन घेर. समजा एक कबड्डीपटू आहे, उंची 172 सेंटिमीटर, वजन 70 किलो. दंडाच्या मागे, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापाशी आणि कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या थोडं वर, अशा तीन ठिकाणी कातडी तिच्याखालच्या चरबीसकट चिमटीत उचलतात. स्नायू चिमटीत येऊ द्यायचा नाही. चिमटी न सोडता कॅलिपर लावायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. जास्त थांबलं तर चरबी दबत जाते आणि माप कमी येतं. त्याच्या घड्या 9, 11 आणि 8 मिलिमीटर भरल्या, बेरीज 28. ही बेरीज 170.18 सेंटिमीटर या ठरलेल्या उंचीच्या प्रमाणात बदलून सूत्रात घातली की एंडोमॉर्फी 2.8 येते.

माझ्या मते खरी गंमत मेसोमॉर्फीत आहे. कोपर आणि गुडघा काटकोनात वाकवून सांध्यापाशी हाडाची रुंदी घेतात. इथे कॅलिपर घट्ट दाबायचा, म्हणजे मधलं मांस मोजलं जात नाही. आपल्या खेळाडूची मापं 6.9 आणि 9.6 सेंटिमीटर. दंड फुगवून त्याचा घेर 33, पोटरीचा 37. पण घेरात चरबीही येते, म्हणून दंडातून त्याची 9 मिलिमीटरची आणि पोटरीतून तिची 8 मिलिमीटरची घडी वजा करतात: 32.1 आणि 36.2. आता कोपराच्या प्रत्येक सेंटिमीटरला 0.858, गुडघ्याच्या 0.601, दंडाच्या 0.188 आणि पोटरीच्या 0.161 गुण. बेरजेतून उंचीची 0.131 पट वजा करून 4.5 मिळवले की 5.5 उरतात. उंची वजा होते, म्हणून तेवढ्याच हाडामांसाच्या उंच माणसाला गुण कमी मिळतात.

एक्टोमॉर्फीसाठी ना चिमटा लागतो ना टेप. उंचीला वजनाच्या घनमुळाने भागायचं, इथे 41.7 येतात, आणि त्यावरून गुण 2.0. तिन्ही मिळून 2.8–5.5–2.0: मजबुती स्पष्टपणे वरचढ, तिच्या मागे थोडी चरबी.

आता त्याचा मित्र घ्या. उंची आणि वजन अगदी तेवढंच, पण तीन घड्यांची बेरीज 56, हाडं बारीक, दंड 30 सेंटिमीटरचा पण त्याच्यावरची घडी 18 मिलिमीटरची, पोटरी 36 आणि तिची घडी 15. त्याचे आकडे येतात 5.5–3.8–2.0. एक्टोमॉर्फी दोघांची सारखीच, कारण ती फक्त उंची आणि वजन पाहते. वजनकाट्याला हे दोघे एकच वाटतात. घड्या आणि हाडं त्यांना वेगळं करतात.

चुका होतात त्या बहुतेक हातात आणि एककात. कमरेची घडी पुढच्या टोकाऐवजी बाजूला, हाडाच्या कडेवर घेतली तर ती जाड भरते. खेळाडूच्या 8 ऐवजी 14 मिलिमीटर आले की एंडोमॉर्फी 2.8 वरून 3.4 होते. त्याहून घातक म्हणजे मिलिमीटरचे सेंटिमीटर करायला विसरणं. 33 मधून 0.9 ऐवजी थेट 9 आणि 37 मधून 0.8 ऐवजी 8 वजा झाले तर त्याची मेसोमॉर्फी 2.8 वर कोसळते. पिळदार खेळाडूला असा आकडा आला की आधी वजाबाकी तपासावी.

प्रौढ वयात हाडांची रुंदी बदलत नाही, म्हणून व्यायामाने मेसोमॉर्फी वाढते ती घेरातून, आणि तीही सावकाश: दंड एक सेंटिमीटर वाढला तर जेमतेम 0.2. पण त्याच काळात वजन 70 वरून 73 किलो झालं तर एक्टोमॉर्फी 2.0 वरून 1.5 होते. म्हणजे ‘एक्टोमॉर्फ’ हा जन्मभराचा प्रकार धरून आखलेला आहार या पद्धतीतून निघत नाही. शिवाय छाती, पाठ आणि मांड्यांचा स्नायू ती मोजतच नाही. एखाद्या पहिलवानाची रुंद छाती मेसोमॉर्फीच्या या सूत्रात कुठेच येत नाही.