नमुना घटला, तर गाइडना काय लिहायचे?

पीएच.डी.च्या आराखड्यात नमुन्याचा आकडा लिहिताना फारसा वाद होत नाही. वाद होतो तो आकडा खाली आणायची वेळ आली की. प्रश्नावल्या वाटल्या, फोन केले, आठवण करून दिली आणि तरीही निम्म्यासुद्धा भरून परत आल्या नाहीत, तर विद्यार्थ्याला गाइडना पत्र लिहून सुधारित आकड्याला संमती मागावी लागते. या पत्रात बहुतेक जण अडचणींचा पाढा वाचतात. गाइडना मात्र दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: उरलेल्या उत्तरांवरून काय सांगता येईल, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही ते कोण आहेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिक्षणशास्त्राची एक विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांवर पडणाऱ्या अशैक्षणिक कामांचा अभ्यास करते आहे: ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, मतदार यादीचे काम. तिने निवडलेल्या तालुक्यात 1,150 शिक्षक आहेत. आराखड्यात तिने 288 चा नमुना धरला होता.

हा आकडा कुठून आला? मराठी प्रबंधांतही वारंवार दिसणारा 384 हा आकडा ज्या गणिताचा, त्याचाच हा धाकटा भाऊ. ‘दोन तासांपेक्षा जास्त वेळ या कामांत जातो’ असे किती टक्के शिक्षक म्हणतात, हे 95 टक्के खात्रीने आणि 5 टक्के इकडे-तिकडे एवढ्या चुकीच्या मर्यादेत सांगायचे, तर मोठ्या लोकसंख्येसाठी सुमारे 384 उत्तरे लागतात. एकूण शिक्षकच 1,150 असतील, तर त्याच अचूकतेला 288 पुरतात. म्हणजे आकड्यामागे एक वचन असते. आकडा बदलला की वचनही बदलते, आणि पत्रात आधी ते सांगावे लागते.

तालुक्याच्या यादीतून सोडत पद्धतीने निवडलेल्या 288 शिक्षकांपैकी 131 जणांनी प्रश्नावली परत दिली. त्यांतल्या 11 अर्धवट होत्या. हाती राहिल्या 120. आता चुकीची मर्यादा साडेआठ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘अचूकता थोडी कमी, पण चालेल’ असे लिहून पत्र संपवता आले असते. पण ही मर्यादा धरून चालते की न आलेली उत्तरे आलेल्या उत्तरांसारखीच असती. इथे तसे मानायला आधार नाही. ज्याच्यावर मतदार यादीचे काम आहे, दोनशिक्षकी शाळेत जो एकटाच सगळे रकाने भरतो, त्यालाच प्रश्नावली भरायला वेळ नसणार. ज्याचा भार मोजायचा, तोच नमुन्यातून गळतो आहे.

नुसती संख्या या दोषावर उपाय नाही, हे 1936 मध्ये अमेरिकेत दिसले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्त्यांच्या याद्या सधन घरांकडे झुकलेल्या होत्या, हे एक कारण. पण मतपत्रिका परत पाठवणाऱ्यांतही लँडन यांचे समर्थक जास्त होते, हे नंतरच्या विश्लेषणातून पुढे आले.

म्हणून आपल्या विद्यार्थिनीने कमी पडलेली संख्या ओळखीच्या शिक्षकांकडून किंवा व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकून भरून काढायची नाही. त्यातून पुन्हा सवड असलेलेच लोक येतील. तिला 1946 साली हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत वापरता येते: उत्तर न देणाऱ्यांतूनच पुन्हा सोडत काढायची, आणि निवडलेल्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटायचे. पत्र मग असे होते:

“आदरणीय मॅडम, सादर प्रणाम.

मान्य आराखड्यातील 288 शिक्षकांपैकी 120 जणांच्या पूर्ण प्रश्नावल्या मिळाल्या आहेत. दोनदा आठवण करूनही 168 जणांची पूर्ण उत्तरे मिळाली नाहीत. यादीशी ताडून पाहता यांत दोनशिक्षकी शाळांतील शिक्षकांचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे केवळ 120 उत्तरांवर निष्कर्ष काढल्यास कामाचा भार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची शक्यता वाटते.

या 168 मधून सोडतीने 84 शिक्षक निवडून त्यांना शाळेत भेटून, त्याच प्रश्नावलीवर उत्तरे घ्यावीत असा माझा प्रस्ताव आहे. एकूण नमुना 204 होईल. भेटीतील प्रत्येक उत्तर दोघांचे मानून गणित केले जाईल. चुकीची मर्यादा 5 ऐवजी सुमारे पावणेसात टक्के राहील. एका केंद्रात सरासरी वीस-बावीसच उत्तरे येतील, म्हणून केंद्रवार तुलनेचे उद्दिष्ट वगळण्यास आपली अनुमती हवी आहे. तालुक्यासाठीचे मुख्य उद्दिष्ट कायम राहील.

आपली विद्यार्थिनी”

‘प्रत्येक उत्तर दोघांचे मानून’ हे वाक्य नवखे वाटेल, पण पत्राचा कणा तेच आहे. समजा, आपण होऊन उत्तर देणाऱ्या 120 पैकी 36 जण, म्हणजे 30 टक्के, दोन तासांपेक्षा जास्त वेळ जातो असे म्हणाले. भेटलेल्या 84 पैकी 42 जण, म्हणजे निम्मे, तसे म्हणाले. हे 84 जण 168 जणांच्या वतीने बोलत आहेत, म्हणून त्यांचे 42 हे 84 धरायचे. 36 आणि 84 मिळून 120 झाले. 288 शी प्रमाण काढले की उत्तर जवळजवळ 42 टक्के येते. पहिल्या 120 वरच थांबलो असतो, तर 30 टक्के आणि साडेआठची मर्यादा, म्हणजे फार तर साडेअडतीस, असे लिहिले गेले असते. खरा आकडा त्या मर्यादेच्याही बाहेर पडण्याची शक्यता होती. आणि वजन न देता 204 उत्तरे नुसती मिसळली असती, तरी उत्तर 38 टक्केच आले असते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. शाळेत मुख्याध्यापकांसमोर भरलेले उत्तर आणि घरी एकट्याने भरलेले उत्तर सारखे असेलच असे नाही. म्हणून भेट शिक्षकाशी एकट्याने व्हायला हवी. शिवाय 84 पैकी काही जण भेटीतही नकार देतील. दहा-बारा जणांनी नकार दिला, तर त्या सर्वांचे उत्तर ‘हो’ धरून एकदा आणि ‘नाही’ धरून एकदा गणित करावे. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच राहिला तर काळजी नाही. बदलला तर प्रबंधात तसे लिहावे लागेल. तीस-चाळीस जण गळाले, तर मात्र दोन टोकांतले अंतर इतके वाढते की या उपायाचा फारसा उपयोग उरत नाही.

संमती मिळाल्यावर प्रबंधात 204 हाच जणू पहिल्यापासूनचा नमुना होता असे लिहिण्याचा मोह टाळायचा असतो. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात 1,150 शिक्षक, 288 निवड, 131 परत, 120 पूर्ण, 84 ची दुसरी सोडत, आणि त्यांतले किती भेटले, हे सगळे ओळीने यायला हवे. परीक्षकांना प्रतिसाद किती होता हे विचारावे लागू नये, आणि 42 टक्के या आकड्यावर किती विसंबायचे हे वाचकाला स्वतःच ठरवता यावे, एवढ्यासाठी.