सॅन अँड्रियास नव्या विंडोजवर नीट चालवायचा तर

2024 च्या शेवटी विंडोज 11 ची 24H2 ही आवृत्ती लोकांच्या संगणकांवर पोहोचली आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ खेळणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. खेळात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं छोटं विमान आहे, ते नकाशावरून नाहीसं झालं. कुणी मॉड वापरून ते मुद्दाम समोर आणलं, तर विमानात बसलेला नायक क्षणात इतका उंच फेकला जायचा की उंचीच्या आकड्यात 31 शून्यं भरत. हा खेळ संगणकावर 2005 साली आला. मधली जवळजवळ 20 वर्षं हेच विमान नीट उडत होतं.

साहजिकच दोष विंडोजवर गेला. पण सायलेंट या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने खेळाचा कोड उघडून तपासला, तेव्हा चूक खेळातच सापडली. `data` फोल्डरमधल्या `vehicles.ide` फाइलमध्ये प्रत्येक वाहनाची माहिती एकेका ओळीत असते आणि त्या ओळीच्या शेवटी पुढच्या व मागच्या चाकांचं माप असतं. स्किमरच्या ओळीत हे शेवटचे आकडेच नाहीत. आधीच्या ‘व्हाइस सिटी’त स्किमरची गणना बोटींमध्ये होती. बोटीला चाकाचं माप लागत नाही. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमान केलं, पण आकडे भरायचे राहून गेले.

मग इतकी वर्षं ते चाललं कसं? फाइल वाचताना खेळ प्रत्येक आकडा मेमरीतल्या एका तात्पुरत्या जागेवर ठेवतो. ओळीत आकडाच नसेल, तर त्या जागी आधीचं जे काही उरलं असेल तेच खेळ वापरतो. स्किमरच्या आधीची ओळ एका व्हॅनची आहे आणि तिच्या चाकांचं माप 0.7. तेच जुनं 0.7 स्किमरला मिळत राहिलं. 24H2 मध्ये विंडोजचं एक अंतर्गत फंक्शन तात्पुरती मेमरी पूर्वीपेक्षा थोडी जास्त वापरू लागलं. त्यामुळे दोन ओळी वाचण्याच्या मधल्या काळात त्या जागेवर दुसरंच काही लिहिलं गेलं, आणि स्किमरच्या चाकांना भलताच आकडा मिळाला. विंडोजने कुठलाही नियम मोडला नव्हता. ती जागा तशीच राहील, असं वचन तिने कधी दिलंच नव्हतं.

जुने खेळ का बिघडतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. खेळ लिहिणाऱ्याने त्या वेळचा संगणक पाहून काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, काही नकळत, काही मुद्दाम. पुढे त्यातली एखादी गोष्ट बदलते. म्हणून जुना खेळ चालवायला बसताना, कुठलं गृहीतक तुटलं आहे हे आधी ओळखावं. उपाय त्यावर ठरतो.

बहुतेक लोक पहिला हात घालतात तो विंडोजच्या कम्पॅटिबिलिटी मोडला. `gta_sa.exe` वर उजवं क्लिक करून Properties उघडलं की Compatibility हा टॅब दिसतो. तिथे Windows XP (Service Pack 3) निवडता येतं. याने विंडोज खरोखर एक्सपी होत नाही. खेळ आणि विंडोज यांच्यामध्ये कोडचे छोटे तुकडे बसवले जातात आणि ठरावीक प्रश्नांना ते जुनी उत्तरं देतात. विंडोजची आवृत्ती कोणती, असं खेळाने विचारलं की एक्सपी असं उत्तर मिळतं. ही परंपरा जुनी आहे. विंडोज 95 तयार होत असताना ‘सिमसिटी’ हा खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वाचतो असं आढळलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिमसिटी चालू असताना मेमरी लगेच मोकळी न करण्याची खास सोय विंडोजमध्येच केली होती.

म्हणून आवृत्ती पाहून अडून बसणाऱ्या खेळाला हा मोड उपयोगी पडतो. स्किमरला तो उपयोगी नाही, कारण मेमरीत काय उरतं हे आवृत्तीच्या खोट्या उत्तराने बदलत नाही. 16-बिट खेळ 64-बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत, तिथेही हा मोड हतबल आहे. सीडीवरचा खेळ सेफडिस्क हे जुनं कॉपी-संरक्षण वापरत असेल, तर त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज 10 पासून काढून टाकलेला आहे, तोही या मोडने परत येत नाही. माझा सल्ला असा, की आवृत्तीला हात लावण्याआधी त्याच टॅबमधलं Change high DPI settings उघडावं आणि Override high DPI scaling behavior वर खूण करून Application निवडावं. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं 125 किंवा 150 टक्के मोठं करून दाखवण्याची सोय चालू असते. तिच्यामुळे जुन्या खेळाचं चित्र कधी धूसर होतं, कधी कडेने कापलं जातं. ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

चित्र येतं, पण रंग चुकीचे, किंवा पडदा काळाच राहतो, तेव्हा दुखणं वेगळं असतं. 1999 चा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ आठवा. विंडोज 7 वर त्यातलं पाणी आणि गवत जांभळ्या-लाल ठिपक्यांनी भरून जायचं. तो खेळ एका वेळी फक्त 256 रंग वापरतो, आणि कोणते 256 याची यादी ग्राफिक्स कार्डला स्वतः देतो. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉपही त्याच वेळी रंगवला जात असतो, त्यात ही यादी बदलली जायची. अशा ठिकाणी रॅपर लागतो. रॅपर हा दुभाष्या आहे: खेळ जुन्या डायरेक्टड्रॉच्या भाषेत बोलतो, रॅपर ते आजच्या ग्राफिक्स कार्डला कळेल अशा भाषेत सांगतो. एज ऑफ एम्पायर्ससारख्या डायरेक्टड्रॉ खेळांना cnc-ddraw हा रॅपर चालतो. जुन्या डायरेक्टएक्सच्या आणि ग्लाइडच्या खेळांना dgVoodoo 2. व्हाइस सिटीसारख्या डायरेक्टएक्स 8 च्या खेळासाठी d3d8to9 आहे.

रॅपर बसवणं म्हणजे एक डीएलएल फाइल खेळाच्या एक्सईशेजारी ठेवणं. बहुतेक डीएलएल विंडोज आधी एक्सईच्याच फोल्डरमध्ये शोधते, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये नंतर. `d3d8.dll` नावाची फाइल शेजारी दिसली की खेळ विंडोजमधली मूळ फाइल सोडून तीच उचलतो. इथे एक चूक वारंवार होते. जुने खेळ 32-बिट असतात, त्यामुळे dgVoodoo च्या `MS\x86` फोल्डरमधलीच डीएलएल घ्यावी लागते. 64-बिटची घेतली तर खेळ सुरू होताना `0xc000007b` ही चूक येते. dgVoodoo खरोखर कामाला लागला का, हे पाहायचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये वॉटरमार्क चालू ठेवावा. खेळात कोपऱ्यात खूण दिसली नाही, तर खेळ त्या डीएलएलकडे गेलेलाच नाही.

सॅन अँड्रियास डायरेक्टएक्स 9 चा आहे. आजची विंडोज ते सांभाळते, म्हणून त्याला ग्राफिक्सचा रॅपर सहसा लागत नाही. त्याला लागतात पॅच, म्हणजे मेमरीत चढलेला खेळाचा कोडच जागच्या जागी दुरुस्त करणारे छोटे प्रोग्राम. ते मात्र आत शिरतात त्याच डीएलएलच्या दारातून. अल्टिमेट एएसआय लोडर नावाची `dinput8.dll` फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली की खेळ ती उचलतो, आणि ती आसपासच्या `.asi` फाइली खेळात चढवते. त्यातली पहिली `SilentPatchSA.asi` असावी. स्किमरची दुरुस्ती तिच्यात आहे, माउस दगडासारखा अडून राहण्याची जुनी तक्रारही तीच मिटवते. पॅच नकोच असेल, तर `vehicles.ide` मधल्या `skimmer` च्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन हे आकडे हाताने लिहिले तरी विमान परत येतं:

```
-1, 0.7, 0.7, -1
```

दुसरा पॅच रुंद पडद्यासाठी. खेळाचा नकाशा, घड्याळ, पैशाचा आकडा हे सगळं 4:3 पडद्याच्या हिशेबाने आखलेलं आहे. 1920×1080 चा पडदा 16:9 आहे, म्हणजे तेवढ्याच उंचीला एक तृतीयांश जास्त रुंद. त्यामुळे कोपऱ्यातला गोल नकाशा अंडाकृती होतो. खेळात Widescreen हा पर्याय आहे, पण तो चालू केला की वरचं-खालचं दृश्य कापलं जातं. `GTASA.WidescreenFix.asi` नकाशा पुन्हा गोल करतो आणि दोन्ही बाजूंना जास्त दृश्य दाखवतो. बसला की नाही हे नकाशाकडे पाहिलं की लगेच कळतं.

फ्रेमरेटच्या बाबतीत मात्र घाई नको. खेळाच्या सेटिंगमध्ये Frame Limiter असतो आणि तो सेकंदाला साधारण 25 ते 30 चित्रांवर थांबवतो. आजच्या पडद्यावर हे अडखळल्यासारखं दिसतं, म्हणून लोक तो बंद करतात, आणि खेळ 144 किंवा त्याहून वर धावतो. पण खेळातली काही गणितं किती वेळ गेला यावर नीट बांधलेली नाहीत, ती किती चित्रं काढली यावर चालतात. त्यामुळे फ्रेमरेट वाढला की नायकाचं पोहणं जड होतं आणि पोहून पार करायच्या मोहिमा कंटाळवाण्या, कधी अशक्यप्राय होतात. ओळखायची सोपी रीत अशी: समुद्रात उतरून थोडं पोहावं, मग लिमिटर चालू करून तेवढंच अंतर पुन्हा पोहावं. वेगात फरक दिसला तर दोष फ्रेमरेटचा. 60 वर खेळायचंच असेल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून 60 ची मर्यादा घालावी आणि वर Framerate Vigilante हा पॅच टाकावा, तो ही गणितं वेळेशी जोडतो. मी मात्र मोहिमा खेळताना मूळ लिमिटरच चालू ठेवण्याच्या बाजूचा आहे. हा खेळ त्याच वेगासाठी तोलून बनवलेला आहे, आणि 60 चं गुळगुळीत दृश्य एखादी मोहीम अडकण्याइतकं मोलाचं नाही.

एकावेळी एकच पॅच टाकावा, खेळ चालवून पाहावा, मगच दुसरा. सगळे एकदम टाकले आणि खेळ सुरू झाला नाही, तर कुणामुळे हे कळत नाही. खेळ `Program Files` मध्ये असेल तर तो `C:\Games` सारख्या साध्या फोल्डरमध्ये ठेवावा, कारण तिथे लिहायला विंडोज अडवत नाही. पॅच त्यांच्या मूळ पानावरूनच घ्यावेत. खेळाच्या कोडमध्ये शिरणारी फाइल अनोळखी ठिकाणाहून घेणं हा खरा धोका आहे. आणि सुरुवात करण्याआधी Documents मधल्या `GTA San Andreas User Files` या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवा. तुमचे सगळे सेव्ह त्यातच आहेत. सेटिंग बिघडून खेळ सुरूच होईनासा झाला, तर त्यातली फक्त `gta_sa.set` ही फाइल काढून टाका. खेळ ती नव्याने तयार करतो आणि सेव्हना धक्का लागत नाही.