टिपणीसह संदर्भसूची: गोषवारा उतरवून भागत नाही

टिपणीयुक्त संदर्भसूचीतल्या बऱ्याच नोंदी शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याचीच नक्कल असतात. समजा, आपला विषय ‘मराठवाड्यातल्या महिला सरपंच आणि पाणीपुरवठा’ आहे आणि समोर राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांचा 2004 चा निबंध आहे. सारांश तीन वाक्यांत बसतो: सरपंचपदाचं आरक्षण कोणत्या गावाला मिळेल हे योगायोगावर ठरत होतं, म्हणून पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या आरक्षित व अनारक्षित पंचायतींची थेट तुलना करता आली, आरक्षित ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. इथे पद्धत गाळली, तर पुढचं मूल्यमापन करायला आधारच उरत नाही.

मूल्यमापनावर हमखास आक्षेप येतो, की एवढ्या मोठ्या अभ्यासकांना विद्यार्थ्याने काय जोखायचं? पण इथे निकाल द्यायचा नसतो, पुरावा कुठवर पोहोचतो ते सांगायचं असतं. आरक्षित गावं कुणी निवडून घेतली नव्हती, ही या निबंधाची खरी ताकद. मर्यादाही निबंधातच सापडते: रस्त्यांवरचं काम बंगालमध्ये वाढलं, राजस्थानात घटलं, कारण दोन्हीकडच्या बायकांच्या मागण्या वेगळ्या होत्या. मग ‘आपल्या विषयासाठी उपयुक्त’ एवढंच लिहून कसं चालेल? उपयोग नेमका लिहावा: ‘तुलनेची पद्धत घेईन, निष्कर्ष जसाच्या तसा लावणार नाही. तिथे आरक्षण एक तृतीयांश होतं, महाराष्ट्रात 2011 पासून निम्मं आहे. शिवाय मागण्या राज्यागणिक बदलतात, त्यामुळे मराठवाड्यातल्या बायकांच्या मागण्या आधी ग्रामसभेच्या इतिवृत्तांतून काढाव्या लागतील.’