कामावरून कमी करतानाचं पत्र

‘व्यवसायाच्या पुनर्रचनेमुळे आपली भूमिका पुढे सुरू ठेवणे शक्य नाही. देय रकमेचा हिशोब यथावकाश केला जाईल. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ असं पत्र हातात पडलेल्या मशीन ऑपरेटरला उद्या कामावर यायचं की नाही, हेही कळत नाही.

चाकणचा एक सुट्या भागांचा कारखाना कल्पनेत घेऊ. कामगार तीनशेहून कमी, म्हणजे छाटणीला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र महिन्याची लेखी नोटीस आणि तिच्यात कारण लागतं. तेच पत्र असं लिहिता येतं :

‘दि. 29 मे 2026. कंपनी तुम्हाला कामावरून कमी करत आहे. मोठ्या ग्राहकाने ऑर्डर बंद केल्याने दुसरी पाळी बंद होते आहे. तुमच्या गटात जे शेवटी लागले, त्यांना आधी कमी केलं आहे. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. तुमचा शेवटचा दिवस मंगळवार, 30 जून.’

मग पैसे. समजा तो 4 सप्टेंबर 2017 ला लागला आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता 26,000 रुपये आहे. आठ वर्षं पूर्ण झाली आणि वर सहा महिन्यांहून जास्त काळ गेला, म्हणून नऊ वर्षं धरायची. छाटणीची भरपाई दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे 13,000 गुणिले नऊ : 1,17,000 रुपये, 30 जूनलाच. ग्रॅच्युइटीतही दर वर्षाला पंधराच दिवस, पण तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात. त्यामुळे दर वर्षाचे 15,000 आणि एकूण 1,35,000 रुपये होतात. मुदत 30 जुलै. दोन्हीकडे पंधरा दिवस आणि आकडे मात्र वेगळे, हे पत्रात उलगडलं नाही तर घरी हिशोब मांडून बसलेल्या माणसाला आपण फसवले गेलो असंच वाटणार. जूनचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे कामाच्या दोन दिवसांत, 2 जुलैपर्यंत.

नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार आणखी पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीतून 45 दिवसांत खात्यावर यायला हवं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर त्याला प्राधान्य द्यावं लागतं. हेही पत्रात असावं, कारण कामगाराला बहुधा ते कोणी सांगत नाही.

मोठ्या कंपन्यांना असं लिहिणं जमतं. 5 मे 2020 ला एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी सुमारे 1,900 जणांना कमी करताना, अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना चौदा आठवड्यांचा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षाला एक आठवडा आणि बारा महिने आरोग्य विमा मिळेल, असं पत्रातच लिहिलं होतं.

पत्राच्या तळाशी कामगाराची सही लागते. ती फक्त ‘पत्र मिळाले’ एवढ्यासाठीच असावी. ‘सर्व देणी मिळाली, कोणताही दावा उरला नाही’ ही ओळ त्याच कागदावर असेल, तर पैसे खात्यात येण्याआधीच त्याच्याकडून पावती घेतली जाते.