रिपोर्ट बटणाची माहिती देणारा मेल

फिशिंगचा मेल ओळखून तो मुकाट्याने डिलीट केला, की त्या एका कर्मचाऱ्यापुरता धोका टळतो. पण तोच मेल कार्यालयातल्या आणखी चाळीस जणांच्या इनबॉक्समध्ये पडून असतो आणि त्यांतला एखादा जण कामाच्या गडबडीत लिंक दाबतो. म्हणून शंका आली की मेलबॉक्समधले रिपोर्ट बटण दाबा, असे कंपन्यांचे आयटी विभाग कर्मचाऱ्यांना मेल पाठवून सांगतात. सांगायचे असते एवढेच; तरी हे मेल बहुधा दोन पानी होतात. फिशिंगची व्याख्या येते, त्याचे प्रकार येतात, नियमावलीतली कलमे येतात आणि बटण कुठे आहे ते शेवटच्या परिच्छेदात सापडते. तिथवर वाचणारे फार थोडे.

मेल लिहायला घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी लागते : बटण दाबल्यावर तक्रार नेमकी जाते कुठे? मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कंपनीत हे प्रशासकाने केलेल्या सेटिंगवर ठरते. तक्रार फक्त मायक्रोसॉफ्टकडे जाऊ शकते, फक्त कंपनीच्या ठरवलेल्या मेलबॉक्समध्ये येऊ शकते, किंवा दोन्हीकडे जाऊ शकते. सेटिंग पहिल्या प्रकारचे असेल, तर कर्मचाऱ्यांनी इमानाने बटण दाबूनही कंपनीच्या मेलबॉक्समध्ये काहीच येत नाही. तिथे कोणी पाहणारे नसेल, तर ‘आमचा विभाग लगेच तपासेल’ हे आश्वासन खोटे ठरते. तेव्हा आधी एक चाचणी मेल रिपोर्ट करून तो कुठे पोहोचतो ते पाहावे, मगच मसुदा लिहावा.

बटणच का, फॉरवर्ड का नको, हा प्रश्न कर्मचारी हमखास विचारतात. प्रत्येक मेलच्या पोटात नजरेआड एक हेडर असते. मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळणीत खरा ठरला की नाही, याची नोंद त्यात असते. साधे फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर मागे राहते आणि तपासणाऱ्याच्या हाती मजकूर तेवढा लागतो. बटण दाबले, की मूळ मेल हेडरसकट पोहोचतो. समजा, ‘पगारपत्रकात बदल’ या विषयाचा मेल एकीने रिपोर्ट केला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावातले एक अक्षर बदललेले आहे. सुरक्षा विभाग त्या पत्त्यावरून आणि विषयावरून सगळ्या मेलबॉक्समध्ये शोध घेतो, तो मेल आणखी कोणाकडे आला आहे ते पाहतो, सगळीकडून काढून टाकतो आणि लिंकमागचे संकेतस्थळ बंद करून घेतो. हे सगळे एका तक्रारीवर घडते. कर्मचाऱ्याला मात्र यातले एकच वाक्य कळणे पुरेसे आहे, म्हणून मसुद्यात हेडरचा उल्लेखही नको.

आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयासाठी मसुदा असा होऊ शकतो :

*विषय : संशयास्पद मेल आला तर Report बटण दाबा*

*नमस्कार,*

*एखाद्या मेलबद्दल शंका वाटली, तर त्यातली लिंक किंवा फाइल न उघडता तो आम्हाला कळवा. तो मेल निवडा, वरच्या पट्टीतील Report वर क्लिक करा आणि Report phishing निवडा. मेल तुमच्या इनबॉक्समधून निघून जाईल आणि आमच्याकडे तपासणीला येईल. फॉरवर्ड करू नका. बटणाने आम्हाला पूर्ण माहिती मिळते.*

*लिंक आधीच उघडली असेल किंवा पासवर्ड टाकला असेल, तरीही रिपोर्ट करा आणि लगेच ओळखपत्रामागे छापलेल्या आयटी मदत कक्षाच्या क्रमांकावर फोन करा. त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही.*

*कळवलेला मेल खरा निघाला तर आम्ही तसे सांगू. शंका असेल तेव्हा कळवलेलेच बरे.*

*– माहिती सुरक्षा विभाग*

यात सर्वांत मोलाचा परिच्छेद दुसरा, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. वेरायझन कंपनीच्या २०२४च्या सुरक्षा अहवालानुसार फिशिंग मेल उघडल्यापासून लिंक दाबेपर्यंतचा मध्यक वेळ २१ सेकंदांचा आहे, आणि त्यानंतर माहिती भरायला आणखी २८ सेकंद लागतात. म्हणजे बऱ्याच जणांना शंका येते तोवर पासवर्ड गेलेला असतो. त्या क्षणी माणूस घाबरतो आणि गप्प बसतो. याच अहवालात सराव म्हणून पाठवलेल्या मेलांचे आकडेही आहेत : २० टक्के लोकांनी ते कळवले आणि लिंक दाबलेल्यांपैकी ११ टक्के लोकांनीही कळवले. हे ११ टक्के वाढवणे ‘जाब विचारला जाणार नाही’ या वाक्यावर अवलंबून आहे, आणि ते वाक्य कंपनीने पाळण्यावर. फोनचा उल्लेखही जाणीवपूर्वक आहे. बटणामुळे मेल तपासणीला जातो. चोरीला गेलेला पासवर्ड त्याने बदलत नाही. भारतात तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे संस्थांना बंधनकारक आहे, त्यामुळे कर्मचारी दुसऱ्या दिवशी बोलला तर कंपनीचीही पंचाईत होते.

मसुद्यात जे नाही, तेही महत्त्वाचे. त्यात एकही लिंक नाही, जोडलेली फाइल नाही, ‘२४ तासांत वाचा, अन्यथा खाते बंद होईल’ अशी तंबी नाही. फिशिंगपासून सावध करणारा मेल स्वतःच फिशिंगसारखा दिसला, तर जागरूक कर्मचारी तोच रिपोर्ट करतात, आणि बाकीच्यांना सुरक्षा विभागाच्या नावाने आलेल्या लिंका दाबायची सवय लागते. दुसरी सवय जास्त घातक, कारण भामटे पुढे तोच मजकूर उचलून त्यात आपली लिंक घालतात. मेल नेहमीच्या, ओळखीच्या पत्त्यावरून जावा आणि तोच मजकूर कंपनीच्या अंतर्गत सूचनाफलकावरही असावा, म्हणजे कोणालाही पडताळून पाहता येतो.

बटणाचे चित्र जोडण्याचा मोह होतो. चित्र उपयोगी असते, पण काही ठिकाणी मेलमधली चित्रे आपोआप दिसत नाहीत. म्हणून पायऱ्या शब्दांतही हव्यात, आणि बटणावरचे नाव पडद्यावर दिसते तसेच लिहायला हवे. जीमेलवर चालणाऱ्या कंपनीत वाट वेगळी आहे : संगणकावर उघडलेल्या मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून Report phishing निवडावे लागते. फोनची अडचण याहून मोठी. फोनसोबत येणाऱ्या साध्या मेल अॅपमध्ये कंपनीचे बटण दिसतच नाही, तेव्हा असे मेल न उघडता संगणकावरून रिपोर्ट करावेत, ही एक ओळ अशा कार्यालयात वाढवावी लागते.

पाठवण्यापूर्वी मसुदा लेखा विभागातल्या किंवा स्वागतकक्षातल्या एकदोघांना द्यावा आणि फक्त त्यावरून बटण दाबून दाखवायला सांगावे. ते कुठे अडखळतात, तिथले वाक्य बदलावे. पुढच्या आठवड्यांत किती तक्रारी आल्या यापेक्षा फसवा मेल आल्यापासून पहिली तक्रार किती मिनिटांत आली, हे जास्त सांगून जाते. आणि तक्रार करणाऱ्याला दोन ओळींचे उत्तर, ‘मेल फसवा होता, सगळीकडून काढला’ किंवा ‘मेल खरा आहे, बिनधास्त उघडा’, त्याच दिवशी मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल, तर आठवणीचा मेल पुन्हा पाठवण्याआधी उत्तर कोण देणार हे ठरवावे लागते.